सर्दी गेली, नाक बंदच: स्प्रे सोडायचा कसा आणि मारायचा कसा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी छत्तीस वर्षांचा आहे, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सर्दी झाली तेव्हा मेडिकलमधून नाकाचा स्प्रे आणला. सर्दी गेली, पण नाक काही सुटलं नाही. आता मार्च संपत आला. दिवसातून सहा-सात वेळा स्प्रे लागतो, रात्री उशाशी ठेवून झोपतो. आठवड्याला एक बाटली संपते. आडवं पडून मान मागे टाकून मारतो, घशात कडू उतरतं, कधी छातीत धडधडतं. मित्र म्हणतो हाड वाढलंय, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आईला बीपी आहे, तीही अधूनमधून माझाच स्प्रे घेते. काय करू?

उत्तर

नमस्कार. ऑपरेशनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमचं नाक आज ज्या कारणानं बंद आहे ते बहुधा तुमच्या उशाशीच आहे. बाटलीवर औषधाचं नाव वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हाडाच्या वळकट्या असतात आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं मऊ अस्तर असतं. स्पंजात पाणी भरावं तसं त्यात रक्त भरलं की ते फुगतं आणि हवेची वाट अडते. सर्दीत नाक चोंदतं ते मुख्यतः या सुजेमुळे. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी ते सुटत नाही, कारण आत शेंबूड कमी आणि सूज जास्त असते. स्प्रेमधलं औषध या रक्तवाहिन्या आवळतं, अस्तर बसतं आणि काही मिनिटांत नाक मोकळं होतं. सुरुवातीला एका वेळचा परिणाम आठ-दहा तास सहज टिकतो.

तीन-चार दिवस झाले की रक्तवाहिन्या या औषधाला दाद देईनाशा होतात. तोच फवारा, पण मोकळेपणा आधी सहा तासांवर येतो, मग तीनवर. सतत आवळल्यामुळे अस्तराला रक्तही पुरेसं मिळत नाही, त्यामुळे औषध उतरलं की ते आधीपेक्षा जास्त फुगतं. माणसाला वाटतं सर्दी अजून आहे, आणि तो पुन्हा फवारा मारतो. पुढची सूज त्या फवाऱ्यातूनच येते. आमच्याकडे याला रिबाउंड म्हणतात. काहींना ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरू होतं, काहींना आठवडा-दोन आठवडे लागतात. आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कुणालाच कळत नाही, म्हणून मी रुग्णांना सांगते की तीन दिवसांत थांबायचं आणि फार झालं तर पाच. काही बाटल्यांवर सात दिवसांची मर्यादा छापलेली असते. त्या आकड्यापर्यंत जाण्याची गरज साध्या सर्दीत पडत नाही. सर्दीत नाक सगळ्यात जास्त चोंदतं ते पहिल्या दोन-तीन रात्री, पुढे ती सूज आपोआप ओसरू लागते. स्प्रे त्या दोन-तीन रात्रींची झोप मिळावी एवढ्यापुरताच आहे. सर्दी बरी करणं त्याच्या हातात नाही.

तुमच्या बाबतीत हे रिबाउंडच आहे असं मला का वाटतं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला स्वतःलाही पडताळून बघता येईल. शिंका, नाकातून पाणी, अंगात कसकस हे सगळं जानेवारीतच संपलं असेल आणि उरलं असेल ते फक्त चोंदणं. ते दोन्ही नाकपुड्यांत असेल. फवारा मारला की पाच-दहा मिनिटांत नाक पूर्ण सुटत असेल आणि दर खेपेला लवकर बंद होत असेल. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर तो फवाऱ्यानं सरळ होत नाही, आणि सरसकट दोन्ही बाजू अशा तासातासाला उघडत-मिटतही नाहीत. लोक ज्याला हाड वाढणं म्हणतात ते बऱ्याचदा हे सुजलेलं अस्तरच असतं. स्प्रे सुटून दोन महिने झाल्यावरही एक बाजू बंदच राहिली, तर पडद्याचा विचार करू. आज तपासून कुणी ऑपरेशन सुचवलंच, तर आपण किती दिवस स्प्रे घेतोय हे त्यांना आधी सांगा. ही गोष्ट रुग्ण हमखास सांगायची विसरतात, कारण स्प्रे हे औषधच आहे असं त्यांना वाटत नाही.

आता सोडायचं कसं ते बघू. एकदम दोन्ही बाजूंनी बंद केलं तरी चालतं, त्यात धोका नाही. पण पहिल्या तीन-चार रात्री तोंडानं श्वास घेत काढाव्या लागतात, आणि बरेच जण दुसऱ्याच रात्री हरतात. म्हणून मी एका वेळी एक नाकपुडी सोडायला सांगते.

आधी जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे लिहून घ्या. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन ही त्यातली नेहमीची नावं. बाटली दिसायला साधारण सारखीच असते, पण काम अगदी वेगळं. हा स्प्रे मारल्यावर लगेच काहीही जाणवत नाही. सूज हळूहळू उतरते, फरक कळायला काही दिवस लागतात आणि पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात. जुन्या स्प्रेची सवय झालेला माणूस हा दोनदा मारतो, नाक सुटत नाही म्हणून कपाटात टाकतो आणि परत जुन्याकडे वळतो. तसं करू नका. तो दोन्ही नाकपुड्यांत रोज, ठरलेल्या वेळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत मारायचा. स्टेरॉइड या शब्दानं घाबरू नका. नाकात मारायचा हा डोस फार थोडा असतो, आणि त्याची अशी उलटी सूज येत नाही.

तो सुरू करून चार-पाच दिवस झाले की जुना स्प्रे एका बाजूला पूर्ण बंद करा. समजा डावी बाजू निवडली. डाव्या नाकपुडीत त्या क्षणापासून जुन्या औषधाचा एक थेंबही नाही. उजवीकडे मात्र सुरू ठेवा, तेही कमी करत, दिवसातून दोनदा आणि त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. डावी बाजू पहिले दोन-तीन दिवस अगदी ठार बंद राहील, डोकं जड वाटेल, त्या बाजूचं कपाळ ठणकेल. पण उजवीकडून श्वास चालू असल्यानं झोप लागेल. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास डावी थोडी थोडी उघडायला लागते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात औषधाशिवाय तिच्यातून हवा नीट जाऊ लागते. ती उघडी राहतेय याची खात्री पटली की उजवीकडचा स्प्रेही बंद. आता श्वासाचा भार डावी बाजू उचलते. अडीच महिन्यांच्या वापरानंतर सगळं स्थिरस्थावर व्हायला तीन-चार आठवडे धरा. या काळात हिशेबाचं काम अंगावर येणारच असेल, तर मार्चअखेरची धावपळ संपल्यावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. अपुऱ्या झोपेत आणि कामाच्या ताणात सोडायला गेलात तर उशाशी हात जाईलच.

जोडीला मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, सकाळ-संध्याकाळ. पाव लिटर पाण्याला छोट्या चमच्यानं अर्धा चमचा मीठ, सपाट, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेलं असतं, आणि पोटाला जे पाणी चालतं ते नाकाला चालेलच असं नाही. मेडिकलमध्ये सलाइनचा तयार स्प्रे मिळतो तोही चालेल. त्याला दिवसांची मर्यादा नाही. नाक धुतल्यावर दहा मिनिटांनी स्टेरॉइडचा स्प्रे मारा, म्हणजे औषध स्वच्छ अस्तरावर पडेल. कारखान्यातून आल्यावर नाक धुण्याचा तुम्हाला दुहेरी फायदा आहे. टॉवेलच्या खात्यात सुताची बारीक धूळ असतेच, तुम्ही मागावर बसत नसलात तरी ती ऑफिसच्या टेबलापर्यंत येते. तुमच्या नाकाला त्या धुळीची ॲलर्जी असेल, तर जानेवारीतल्या सर्दीखाली एक जुनं चोंदणं आधीपासून असू शकतं. रविवारी किंवा गावी गेल्यावर नाक बरं वाटतं का, सकाळी उठल्यावर एकामागून एक शिंका येतात का, हे डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर स्टेरॉइडचा स्प्रे काही महिने चालू ठेवावा लागेल.

रात्री झोपताना उशी एक जास्त घ्या, डोकं उंच असलं की अस्तरात रक्त कमी साठतं. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर तुम्ही फसाल. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या उघड्या नसतात. काही तासांनी एक बाजू थोडी फुगते, दुसरी मोकळी होते, मग उलट. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते आणि कूस बदलली की सुटते. हे आजाराचं लक्षण नाही, नाकाचा तो नित्यक्रम आहे. स्प्रे सोडल्यानंतर पहाटे जाग येते, एक नाकपुडी बंद लागते, आणि माणूस म्हणतो, बघा, पुन्हा झालं. अशा वेळी कूस बदला आणि दहा मिनिटं थांबा.

आता मानेकडे वळते. धडधड आणि घशातला कडूपणा या दोन्हींचं मूळ तिथे आहे. मान मागे टाकून मारलेलं औषध नाकाच्या तळावरून सरळ घशात घरंगळतं. सूज आहे बाजूच्या भिंतीवर, तिथे ते थांबतच नाही. मग नाक पुरतं सुटत नाही, म्हणून आणखी एक-दोन फवारे, आणि तेही गिळले जातात. पोटात गेलेलं आणि अस्तरातून रक्तात शोषलं गेलेलं औषध अंगभर रक्तवाहिन्या आवळू शकतं. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, बीपी वाढणं हे त्यातूनच येतं. दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. दाबायची मऊ प्लॅस्टिकची बाटली उभी धरून दाबली तर फवारा उडतो, पण आडवं पडून उलटी धरली की तिच्यातून धार किंवा मोठे थेंब पडतात. किती पडलं याचा काही अंदाज राहत नाही. दहा मिलीची बाटली योग्य पद्धतीनं, दिवसातून दोन-तीनदा मारली तर पाच दिवसांत निम्मीही संपत नाही. तुमची आठवड्यात संपते यातला मोठा भाग वारंवार मारण्याचा आहे, पण काही भाग नक्कीच घशातून पोटात जातोय.

फवारा मारताना बसा किंवा उभे राहा. आधी नाक हलकं शिंकरा. हनुवटी थोडी खाली घ्या, नजर आपल्या पायांच्या बोटांवर पडेल एवढी. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात आणि उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हातात धरा. हात असा आडवा आला की बाटलीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. टोक फार आत खुपसू नका, नाकपुडीच्या तोंडाशी जेमतेम आत गेलं की पुरे. रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा, मधल्या पडद्याकडे मुळीच नको. तोंड मिटा, एकदा दाबा आणि त्याच वेळी हळूच हुंगल्यासारखा श्वास घ्या. सुर्रकन जोरात ओढलंत तर औषध पुन्हा घशातच जाईल. मग तोंडानं श्वास सोडा आणि पाच मिनिटं नाक शिंकरू नका. घशात चव आली नाही म्हणजे मारणं बरोबर जमलं. चव आली तर पुढच्या वेळी हनुवटी आणखी थोडी खाली आणि ओढणं आणखी हलकं.

पडदा वाचवायला मी एवढं सांगते त्याला कारण आहे. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरच्या थरात असतं. रोज त्याच जागी फवारा आदळला की तिथली त्वचा कोरडी पडते, खपली धरते, आणि एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत घोळणा फुटायला वेळ लागत नाही. स्टेरॉइडच्या स्प्रेलाही हीच पद्धत आहे, फक्त ती बाटली आधी हलवून घ्यायची. सलाइनलाही हीच.

मान मागे टाकायची सवय लागते ती थेंबांमुळे. ड्रॉपरनं थेंब घालायचे असतील तर मात्र आडवं व्हावंच लागतं: खांद्यांखाली उशी घेऊन डोकं मागे झुकवायचं, किंवा ज्या बाजूला थेंब घालायचे त्या कुशीवर वळून खालच्या नाकपुडीत घालायचे. दोन-तीन थेंब, मग दोन मिनिटं तसंच पडून राहायचं. मान दुखणाऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी कुशीवरचीच पद्धत वापरावी. थेंबांची पद्धत लोक फवाऱ्याला लावतात, तिथे गोंधळ होतो.

आईंनी हा स्प्रे आजपासून घेऊ नये. बीपी, हृदयविकार, थायरॉइडचा त्रास, काचबिंदू, प्रोस्टेट यांपैकी काही असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं घ्यायची नसतात. आईंचं बीपी या आठवड्यात एकदा मोजून घ्या आणि तुमचंही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फेनिलेफ्रिन असतं, तेही रक्तवाहिन्या आवळणारंच औषध. गोळी आणि स्प्रे सोबत घेतले की भार दुप्पट होतो. शिवाय एकाच्या नाकात गेलेलं टोक दुसऱ्याच्या नाकात घालणं म्हणजे सर्दीचे जंतू वाटून घेणं. घरात लहान मूल असेल तर मोठ्यांची बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. मोठ्यांचं ०.१ टक्क्यांचं औषध तान्ह्या किंवा छोट्या मुलाच्या नाकात किंवा पोटात गेलं तर त्याला गुंगी येऊ शकते, श्वास आणि नाडी मंदावू शकते. तसं घडलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

पुढच्या सर्दीत स्प्रे वापरायला हरकत नाही, पण यावेळचं सगळं पूर्ण बरं होऊन काही आठवडे गेलेले असू द्या, कारण एकदा रिबाउंड झालेलं नाक पुढच्या वेळी आणखी लवकर तिकडे वळतं. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेननं तिच्यावर लिहा. दिवसातून दोनदा, शक्यतो रात्रीच्या झोपेआधी एकदा, आणि चौथ्या दिवशी बाटली उशाजवळून उचलून कपाटात. दिवसा चोंदणं सहन होत असेल तर फक्त रात्रीच मारा. उघडलेली बाटली महिनाभराने टाकून द्या, पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवू नका.

एका नाकपुडीची पद्धत नीट पाळूनही चार आठवड्यांत दोन्ही बाजू सुटल्या नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. आत मांसल गाठ, म्हणजे पॉलिप, किंवा वाकडा पडदा आहे का ते तेव्हा दिसेल. काही जणांना थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या मात्र स्वतःहून घ्यायच्या नाहीत. एकाच नाकपुडीतून सतत रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, गाल आणि कपाळ दुखून ताप येत असेल किंवा डोळ्याभोवती सूज दिसली, तर चार आठवडे थांबू नका. आणि छातीतली धडधड स्प्रे कमी केल्यावरही आठवड्याभरात थांबली नाही, तर नाकाचा विचार सोडून आधी ईसीजी काढून घ्या.